लॅपटॉप अजिबात सुरू होत नाही तेव्हा: साठून राहिलेली वीज काढणे, फक्त चार्जरवर चाचणी आणि पॉवर बटणाची तपासणी

पॉवर बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, अशा अवस्थेतला लॅपटॉप दुकानात नेला की पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांतच ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकावे लागते. कधी ते खरेही असते. परंतु हा निष्कर्ष काढण्याआधी तीन शक्यता तपासून बाजूला करणे आवश्यक असते: यंत्रातला वीज सांभाळणारा कंट्रोलर अडकून बसला आहे का, बाहेरून येणारी वीज आत पोहोचते आहे का, आणि आपण दाबलेल्या बटणाचा संकेत बोर्डापर्यंत जातो आहे का. या तिन्ही तपासण्या घरी करता येतात. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, एक बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि थोडा संयम एवढे पुरते. मात्र क्रम पाळावा लागतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. सगळे एकदम केले आणि लॅपटॉप सुरू झाला, तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि आठवड्याभराने तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आधी खात्री: यंत्र बंद आहे की फक्त स्क्रीन काळी आहे?

या लेखातील पायऱ्या पूर्णपणे निपचित पडलेल्या लॅपटॉपसाठी आहेत. त्यामुळे तो खरोखर बंद आहे याची खात्री शांत खोलीत करावी. बटण दाबून कान कीबोर्डाजवळ न्यावा. पंखा क्षणभर फिरून थांबतो का, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, खालचा भाग पाच-सात मिनिटांत कोमट होतो का, हे पाहावे. यांतले काहीही होत असेल तर वीज आत पोहोचते आहे, आणि दोष स्क्रीन, रॅम किंवा बायोसच्या बाजूला शोधावा लागेल. स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यास अंधुक चित्र दिसले, तर यंत्र सुरू असून केवळ स्क्रीनमागचा प्रकाश गेलेला आहे. काही लॅपटॉप ठरावीक वेळा दिवा लुकलुकवून किंवा बीप देऊन दोषाचा संकेत देतात. असे संकेत देणारे यंत्र या लेखाच्या अर्थाने मृत नाही, म्हणून ते मोजून लिहून ठेवावेत आणि त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत त्यांचा अर्थ पाहावा.

याच वेळी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून कडेने पाहावा. टचपॅड वर उचलला गेला असेल, खालचे झाकण फुगले असेल किंवा बंद केलेला लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. मग पुढची कोणतीही पायरी करू नये. चार्जर लावू नये, झाकण दाबून बसवू नये, आणि बॅटरी काढण्याचे काम जाणकारावर सोपवावे. लिथियमच्या फुगलेल्या सेलला टोक लागले तर तो पेट घेऊ शकतो.

चार्जर आणि सॉकेट

तपासणीची सुरुवात लॅपटॉपपासून न करता भिंतीपासून करावी. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा आणि त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण चालवून पाहावे. चार्जरच्या विटेला भिंतीकडून जोडणारी जाड वायर पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. ती विटेतून निघते आणि कालांतराने सैल होते, त्यामुळे ती काढून पुन्हा घट्ट बसवावी.

चार्जरवर दिवा असेल तर एक अतिशय उपयुक्त निरीक्षण करता येते. चार्जर लॅपटॉपला न लावता दिवा लागलेला आहे, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच तो विझतो आणि पिन काढल्यावर काही वेळाने पुन्हा लागतो, असे दिसले तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो आहे. अशा यंत्रात साठलेली वीज काढून काही साधत नाही. चार्जर पुन्हा पुन्हा लावून पाहणेही थांबवावे, कारण हे काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचेच आहे. ही खूण पक्की करायची असेल तर त्याच मॉडेलला चालणाऱ्या दुसऱ्या चांगल्या चार्जरने एकदाच पाहावे. तोही असाच विझला तर शंका उरत नाही.

चार्जरवर दिवा नसेल तर मल्टिमीटर घ्यावा. गोल पिनेच्या चार्जरवर आउटपुट म्हणून 19 व्होल्ट 3.42 अँपिअर किंवा 19.5 व्होल्ट 3.33 अँपिअर असे छापलेले असते, आणि दोन्हींचा गुणाकार सुमारे 65 वॅट येतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, पण 20 च्या नव्हे तर 200 च्या टप्प्यावर, कारण चांगला चार्जर मोकळा असताना 20 च्या अगदी जवळ जातो आणि साधा मीटर त्या टप्प्यावर आकडा न दाखवता मर्यादा ओलांडल्याची खूण दाखवतो. लाल टोक पिनेच्या आतल्या बाजूला आणि काळे टोक बाहेरच्या धातूला लावावे. पिनेच्या मधोमध सुईसारखी बारीक तार दिसत असेल, तर ती तार ओळख पटवण्यासाठी असते आणि मुख्य वीज नळीच्या आतल्या पृष्ठभागावर असते. तेव्हा लाल टोक आतल्या भिंतीला टेकवावे आणि मधल्या तारेला स्पर्श होऊ देऊ नये. ती तार वाकली किंवा तुटली असेल तर लॅपटॉप चार्जरला ओळखत नाही. मग तो बॅटरी चार्ज करण्यास नकार देतो आणि कालांतराने बॅटरी संपून ‘लॅपटॉप मेला’ असे वाटू लागते.

छापलेल्या आकड्याच्या जवळपास मोजमाप आले तर चार्जर बहुधा ठीक आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की मोकळा असताना 19.5 व्होल्ट दाखवणारा थकलेला चार्जर भार पडताच कोसळू शकतो. म्हणून शक्य असेल तर त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा आणि तशीच पिन असलेला दुसरा चार्जर मिळवणे हीच खरी कसोटी होय.

यूएसबी-सी चार्जरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मोकळ्या टोकाला मीटर लावून काही कळत नाही, कारण समोर उपकरण असल्याची खात्री पटेपर्यंत तो वीज सोडतच नाही. लॅपटॉप जोडल्यावर तो आधी 5 व्होल्ट देतो आणि दोघांची आपसांत बोलणी झाल्यावर 20 व्होल्टपर्यंत चढतो. मधे लावायचा छोटा यूएसबी-सी मीटर बाजारात मिळतो आणि तो हा सगळा प्रवास आकड्यांत दाखवतो. आकडा 5 वरच अडकून राहिला तर चार्जर, केबल किंवा लॅपटॉपचे पोर्ट यांपैकी एक दोषी आहे. कोणते, हे दुसरा चार्जर आणि दुसरी केबल लावून कळते. मोबाइलच्या लहान चार्जरने लॅपटॉप सुरू झाला नाही म्हणून काहीही सिद्ध होत नाही. तसेच 60 वॅटच्या वरच्या चार्जरला 5 अँपिअरची केबल लागते, साधी केबल चालत नाही.

साठून राहिलेली वीज म्हणजे नेमके काय?

‘बॅटरी काढा, बटण तीस सेकंद दाबा’ हा सल्ला सर्वांनी ऐकलेला असतो. परंतु त्यामागचे कारण समजले नाही तर तो चुकीच्या पद्धतीने पाळला जातो.

लॅपटॉप बंद असतानाही पूर्ण बंद नसतो. मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र कंट्रोलर असतो, दुरुस्तीच्या दुकानांत त्याला ‘आयओ’ म्हणतात, आणि तो सदैव जागा राहून 3.3 व्होल्टच्या कायम पुरवठ्यावर चालत असतो. बटण दाबले गेल्याचे ओळखणे, चार्जर लागल्याचे पाहणे, झाकण उघडे आहे की मिटलेले हे तपासणे आणि त्यानंतरच बाकीच्या बोर्डाला वीज सोडणे ही सगळी कामे त्याची. वीज अचानक जाऊन आली, चार्जर जागेवर हलत राहिला, झोपेतून उठताना काही बिनसले, तर या कंट्रोलरचा प्रोग्राम मधेच अडकू शकतो. त्यानंतर तो बटणाला प्रतिसाद देत नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत त्याला वीज मिळतच राहते आणि तो त्याच अडकलेल्या अवस्थेत राहतो. चार्जर आणि बॅटरी दोन्ही तोडल्यावरसुद्धा बोर्डावरच्या कॅपॅसिटरांत थोडा भार शिल्लक असतो. बटण दाबून धरल्याने तो खर्ची पडतो, कायमचा पुरवठा शून्यावर येतो आणि पुढच्या वेळी कंट्रोलर पहिल्यापासून सुरुवात करतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी आत बंद असते. नुसता चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबले तरी बॅटरी जोडलेलीच राहते, म्हणजे साठलेली वीज काही निघत नाही. तरीही पुष्कळ लॅपटॉप याने जिवंत होतात, याचे कारण उत्पादकांनी दीर्घकाळ दाबलेल्या बटणाला कंट्रोलर सक्तीने पुन्हा सुरू करण्याचा वेगळा अर्थ दिलेला असतो. ही सोय प्रत्येक मॉडेलमध्ये सारखी नसते, आणि म्हणूनच कोणी पंधरा सेकंद सांगतो तर कोणी चाळीस. बाहेरून केलेला हा प्रयत्न फसला तर ‘वीज काढून पाहिली, उपयोग झाला नाही’ असे म्हणता येत नाही. ती पायरी अजून व्हायचीच असते.

झाकण न उघडता करायची पायरी

चार्जर काढावा. माउस, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एचडीएमआय केबल, डॉक असे जे काही जोडलेले असेल ते सर्व काढावे, कारण खराब यूएसबी उपकरणामुळेही पुरवठा अडू शकतो. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती काढावी. आता पॉवर बटण घड्याळ पाहून सलग 40 सेकंद दाबून धरावे. असूससारखे काही उत्पादक 40 सेकंदच सांगतात, आणि ज्यांना कमी पुरते त्यांना जास्त दाबल्याने अपाय होत नाही. अंदाजाने मोजलेले तीस सेकंद प्रत्यक्षात बारा-पंधराच असतात, त्यामुळे घड्याळ खरोखरच पाहावे. बटण सोडल्यावर मिनिटभर थांबावे, बॅटरी बाहेर काढली असेल तर ती बाहेरच ठेवावी, फक्त चार्जर लावावा आणि बटण नेहमीसारखे एकदा दाबून सोडावे.

डेलच्या अलीकडच्या अनेक मॉडेलांत याहून वेगळी कृती आहे: तिथे चार्जर जोडलेला ठेवून बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरायचे असते, ज्यामुळे आतल्या घड्याळाचे सर्किट नव्याने सुरू होते. लेनोवोच्या अनेक थिंकपॅडवर खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते. चार्जर काढून सरळ केलेली पेपर क्लिप त्यात हलकेच दाबली की आतली बॅटरी तात्पुरती तुटते, आणि चार्जर पुन्हा लावला की ती जोडली जाते. ज्यांच्या यंत्रात ही सोय आहे त्यांच्यासाठी झाकण न उघडता वीज खरोखर तोडण्याचा हाच मार्ग आहे. मात्र छिद्र तेच आहे याची खात्री माहितीपुस्तिकेतल्या चित्रावरून करून घ्यावी. मायक्रोफोनचे छिद्रही तसेच दिसते, आणि त्यात टाचणी घातली तर मायक्रोफोन कायमचा निकामी होतो.

लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून होता असे असेल तर घाई करू नये. खोलवर उतरलेल्या बॅटरीला चार्जिंग सर्किट सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह देते आणि त्या काळात यंत्र निर्जीव दिसू शकते. तासभर चार्जरवर ठेवून मगच पुढे जावे. नवीन लॅपटॉप किंवा नवी बॅटरी वाहतुकीसाठी झोपवलेल्या अवस्थेत येऊ शकते, आणि पहिल्यांदा चार्जर लावल्याशिवाय ती जागीच होत नाही.

झाकण उघडून: बॅटरी तोडणे आणि फक्त चार्जरवर चाचणी

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर इथे थांबून सेवा केंद्रात द्यावा. वॉरंटी संपली असेल तर चार्जर काढून लॅपटॉप मऊ कापडावर उलटा ठेवावा. स्क्रू काढताना कागदावर खालच्या झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा, कारण पुढच्या आणि मागच्या स्क्रूंची लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी बसवला तर तो वरच्या तळहाताच्या पट्टीतून फुगवटा काढतो. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी ते शोधावेत. झाकणाच्या कडेच्या खाचा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने एकेक करून सोडवाव्यात आणि धातूचे टोक आत घालू नये.

बॅटरी म्हणजे आतला सर्वांत मोठा काळा सपाट भाग. तिच्यातून निघणाऱ्या वायरींचा जोड बोर्डावर जिथे बसतो, तोच सोडवायचा आहे. वायरी धरून ओढू नयेत. जोडाच्या दोन्ही कडा नखाने किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने आलटून पालटून सरकवाव्यात. काही जोड बाजूला सरकून निघतात तर काही सरळ वर उचलले जातात, म्हणून आधी त्याची रचना नीट पाहावी. जोड सुटल्यावर बोर्डावर कोणताही पुरवठा उरत नाही. आता पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरले की साठलेली वीज खऱ्या अर्थाने निघते.

बोर्डावर नाण्याच्या आकाराचा 3 व्होल्टचा सेल दिसला तरी तो या टप्प्यावर काढू नये. तो काढल्याने बायोसमधल्या जुळण्या मूळ स्थितीला जातात, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकते. ती 48 अंकांची की आधी हाताशी असणे श्रेयस्कर. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असल्यास दुसऱ्या यंत्रावरून `aka.ms/myrecoverykey` येथे मिळते. वर सांगितलेल्या डेलच्या कृतीपूर्वीही ही काळजी घ्यावी.

यानंतर बॅटरी तुटलेलीच ठेवून लॅपटॉप सरळ करावा, आतला भाग टेबलावरच्या धातूच्या वस्तूंना लागणार नाही अशी काळजी घ्यावी, चार्जर लावावा आणि बटण दाबावे. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

लॅपटॉप सुरू झाला, तर बोर्ड, चार्जर आणि बटण तिन्ही ठीक आहेत. तो बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी पुन्हा जोडावी आणि परत सुरू करून पाहावे. बॅटरीसह चालला तर कंट्रोलर अडकला होता, एवढेच. बॅटरी जोडताच पुन्हा निपचित पडला तर बॅटरी दोषी आहे. तिच्या आतले संरक्षक सर्किट किंवा एखादा सेल शॉर्ट होऊन पूर्ण पुरवठा खाली ओढत असतो.

दुसरी शक्यता अशी, की चार्जिंगचा दिवा लागला पण बटणाला प्रतिसाद नाही. वीज आत आली आहे आणि कंट्रोलर जागा आहे असा याचा बहुतेक वेळा अर्थ होतो, आणि संशय बटणावर जातो.

तिसरी शक्यता, दिवा नाही आणि प्रतिसादही नाही. मग चार्जरची पिन जिथे शिरते तो डीसी जॅक पाहावा. पिन आत सैल हलत असेल, जॅकमागची वायर जळकट दिसत असेल किंवा करपल्याचा वास येत असेल तर दोष तिथे आहे. जॅक स्वतंत्र वायरीवर असेल तर तो बदलणे स्वस्त आणि सोपे असते. जॅकच्या मागच्या टोकापर्यंत व्होल्ट पोहोचत असूनही बोर्ड मृत असेल तर मात्र बोर्डावरची चूक मानावी.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. काही मॉडेल बॅटरीविना चार्जरवर सुरूच होत नाहीत, आणि काही सुरू होऊन प्रोसेसरवर भार पडताच बंद पडतात, कारण क्षणिक जास्त मागणी भागवण्याचे काम बॅटरी करत असते. यूएसबी-सीवर चालणाऱ्या पातळ लॅपटॉपमध्ये हे अधिक संभवते. म्हणून बॅटरीविना प्रतिसाद नाही मिळाला तर लगेच बोर्डाला दोष न देता, वीज पूर्ण काढून झाल्यावर बॅटरी जोडून चार्जरसह आणखी एकदा पाहावे.

पॉवर बटण

पॉवर बटणातून लॅपटॉपची वीज वाहत नसते. ते केवळ दाबले असेपर्यंत जोडले जाणारे एक संपर्क-बटण असते. कंट्रोलरकडून आलेल्या संकेताच्या तारेवर साधारण 3.3 व्होल्ट असतात, आणि बटण दाबले की ती तार जमिनीला जोडली जाऊन क्षणभर शून्यावर येते. कंट्रोलर एवढेच पाहत असतो. त्यामुळे बटणाचे दोन विरुद्ध दोष संभवतात: दाबूनही संपर्क न होणे, किंवा न दाबताही संपर्क कायम राहणे.

दुसरा दोष फसवा असतो. सांडलेला चहा वाळून बटण आतच चिकटले, तर कंट्रोलरला ते सतत दाबलेले दिसते, आणि सुमारे चार सेकंद दाबलेल्या बटणाचा अर्थ सक्तीने बंद करणे असा असल्यामुळे यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडते किंवा सुरूच होत नाही. चार्जर लावताच, बटणाला हातही न लावता, लॅपटॉप क्षणभर उठून झोपत असेल तर आधी बटण चिकटले आहे का ते पाहावे. बोटाखाली बटणाची टिचकी स्पष्ट जाणवली पाहिजे. ते मऊ, भुसभुशीत लागत असेल किंवा दाबल्यावर वर येत नसेल तर दोष डोळ्यांदेखत आहे.

बटणाला वगळून यंत्र उठवता येते का, हेही पाहता येते. काही डेल लॅपटॉपमध्ये बायोसमधला `Wake on AC` हा पर्याय आधीपासून चालू असेल तर चार्जर लावताच यंत्र उठते, आणि `Power On Lid Open` चालू असेल तर झाकण उघडल्यावर. उत्पादकाच्या स्वतःच्या डॉकवर वेगळे पॉवर बटण असते, तेही वापरून पाहावे. यांपैकी कशानेही लॅपटॉप उठला तर बोर्ड चांगला आणि बटण वाईट, असा निर्वाळा स्क्रू न काढता मिळतो.

आत पाहताना बटण कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ओळखावे. काही लॅपटॉपमध्ये ते छोट्या स्वतंत्र पट्टीवर असून पातळ रिबन केबलने बोर्डाला जोडलेले असते. कमी किमतीच्या अनेक मॉडेलांत मात्र पॉवर बटण म्हणजे कीबोर्डाचीच वरच्या कोपऱ्यातली एक कळ असते, आणि कीबोर्ड बिघडला की लॅपटॉप सुरू होण्याचाच मार्ग बंद होतो. दोन्ही बाबतींत पहिली कृती एकच आहे. बॅटरी आणि चार्जर तोडलेले असताना रिबन केबलच्या जोडाचे बारीक कुलूप उचलावे, केबल सरळ रेषेत बाहेर काढावी, तिची टोके भिंगातून पाहावीत, पुन्हा शेवटपर्यंत सरळ बसवून कुलूप मिटवावे. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात पावसाळ्यातल्या दमट, खारट हवेने या टोकांवर हिरवट किंवा काळपट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसता येतो. सॅनिटायझर किंवा अत्तर वापरू नये, कारण त्यांतला चिकट अंश मागे राहतो.

स्वतंत्र पट्टीवरचे बटण मीटरने तपासणे सोपे आहे. मीटर बझरवर ठेवून दोन टोके बटणाच्या पायांना लावावीत. चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून जोडलेलेच असतात, म्हणून एकमेकांच्या तिरक्या कोपऱ्यांवरचे पाय घ्यावेत. न दाबता शांतता आणि दाबल्यावर सलग आवाज, म्हणजे बटण चांगले. ओहमच्या टप्प्यावर दाबलेल्या बटणाचा रोध एक-दोन ओहमच्या आसपास असावा. तो शेकड्यांत जात असेल किंवा आकडा नाचत असेल तर संपर्क मळलेला आहे.

अधिक अनुभव असलेल्यांनी चार्जर जोडून बटणाच्या संकेतावर व्होल्ट मोजावेत. काळे टोक बोर्डाच्या स्क्रूच्या धातूच्या कड्याला आणि लाल टोक बटणाच्या पायाला. न दाबता सुमारे 3.3 आणि दाबल्यावर शून्य दिसत असूनही यंत्र उठत नसेल तर बटण निर्दोष आहे आणि प्रश्न पुढे बोर्डात आहे. न दाबताच शून्य असेल तर एकतर बटण चिकटलेले आहे किंवा कायमचा पुरवठाच तयार होत नाही. केबल काढून बोर्डाकडच्या बाजूला पुन्हा मोजले की यांतले कोणते ते कळते. कीबोर्डातल्या बटणाच्या बाबतीत, सर्किटचा नकाशा नसताना चिमट्याने अंदाजाने पिना जोडून पाहण्याचा मोह आवरावा. शेजारच्या पिनेवर पुरवठा असू शकतो आणि एका ठिणगीत कंट्रोलर जाऊ शकतो. त्याच मॉडेलचा दुसरा कीबोर्ड केवळ रिबनने जोडून पाहणे हा सुरक्षित मार्ग आहे.

एक उदाहरण

माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीचा 15.6 इंची लॅपटॉप जूनमधल्या वादळी रात्रीनंतर निपचित पडला. वीज बऱ्याचदा गेली-आली होती आणि चार्जर लावलेलाच होता. चार्जर मोकळा मोजला तेव्हा 19.4 व्होल्ट आले, आणि पिन घातल्यावर त्याचा दिवा विझला नाही. म्हणजे आत शॉर्ट नाही. चार्जर काढून 40 सेकंद बटण दाबले, फरक पडला नाही. तिच्या दुकानदाराने इथेच मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता, आणि विजेच्या गडबडीनंतर तसा संशय येणे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

झाकण उघडून बॅटरी तोडली, बटण पुन्हा तीस सेकंद दाबले आणि फक्त चार्जर लावला. आता चार्जिंगचा पांढरा दिवा लागला, जो आधी लागत नव्हता. कंट्रोलर अडकला होता आणि तो सुटला, हे यातून कळले. तरीही बटणाने यंत्र उठेना. पहिल्या दोषामागे दुसरा दडलेला होता. या मॉडेलमध्ये पॉवर बटण कीबोर्डातच होते. कीबोर्डाची रिबन काढली तेव्हा तिच्या एका कडेच्या दोन टोकांवर काळपट डाग स्पष्ट दिसले. ती पुसून, वाळवून पुन्हा बसवल्यावर पहिल्याच दाबात पंखा फिरला. बॅटरी जोडल्यावरही यंत्र चालले. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की त्या आधीच्या काही दिवसांपासून बटण दोन-तीनदा दाबावे लागत होते. दोष आधीपासून होता, आणि वादळाच्या रात्री त्यात कंट्रोलर अडकण्याची भर पडली. नुसते बाहेरून बटण दाबून थांबलो असतो तर दोन्ही दोष मिळून मदरबोर्डाचाच भास झाला असता.

दुकानात नेण्याआधी

वरील पायऱ्यांनंतरही लॅपटॉप उठला नाही तर जे आढळले ते कागदावर लिहून दुरुस्ती करणाऱ्याला द्यावे: चार्जरचे मोजलेले व्होल्ट, पिन घातल्यावर चार्जरचा दिवा कसा वागला, बॅटरी तोडल्यावर चार्जिंगचा दिवा लागला की नाही, आणि बटणावर न दाबता व दाबून किती व्होल्ट आले. या चार ओळींवरून शॉर्ट, पुरवठा की कंट्रोलर हे त्याला लवकर ठरवता येते आणि ग्राहकालाही अंदाजपत्रक पडताळता येते. खर्च सांगताना बोर्ड दुरुस्त करणार की बदलणार हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण एखादा शॉर्ट झालेला कॅपॅसिटर बदलणे आणि पूर्ण बोर्ड बदलणे यांच्या खर्चात फार मोठे अंतर असते.

आतला डेटा मात्र बहुधा सुरक्षित असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी एका स्क्रूने बसवलेला वेगळा चपटा तुकडा असतो. बॅटरी तुटलेली असतानाच तो काढून यूएसबीच्या डबीत घालावा आणि दुसऱ्या लॅपटॉपला जोडून आवश्यक फाइल्स उतरवून घ्याव्यात. बिटलॉकर असेल तर तीच रिकव्हरी की इथे लागते. काही पातळ मॉडेलांत साठवण थेट बोर्डावर जोडलेली असते आणि ती काढता येत नाही. अशा यंत्राबाबत, बोर्ड बदलला तर डेटा जाईल हे दुरुस्ती करणाऱ्याकडून काम सुरू होण्याआधीच लेखी कबूल करून घ्यावे आणि बोर्ड बदलण्याऐवजी तो दुरुस्त करण्याचा आग्रह धरावा.